पहिल्या तीन सेकंदांचा उजेड

मार्च सरत आला की आमच्या जिवतीच्या पठारावर मोह गळू लागतो. फुलं गळतात ती रात्री आणि पहाटे. त्यामुळे वेचणारी माणसं अजून अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात आणि उन्हं वर यायच्या आत परततात. झाडाखालची जमीन आधीच पाला जाळून साफ केलेली असते. त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळी फुलं पडलेली असतात. ज्यानं हे एकदा पाहिलं त्याला ते चित्र विसरता येत नाही. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पण काळ्यावर पिवळा कसा उमटतो हे मुलांना सांगायला मला त्याहून चांगलं उदाहरण सापडलं नाही.

माझा भाचा यूट्यूबवर आपल्या भागाचे व्हिडिओ टाकतो. मोह, दिवाळीतली दंडारी, आठवडी बाजार, माणिकगडचा किल्ला असे त्याचे विषय. गेल्या वर्षी त्यानं मोहाचा एक व्हिडिओ केला आणि टाकण्याआधी मला दाखवला. पाहिला आणि मी गप्प बसलो. पहाट होती कुठे? सगळं लख्ख. आकाश पांढरंफटक, जमीन करडी, फुलं जमिनीत मिसळून गेलेली, आणि सगळ्यावर हळदीचा हात फिरवल्यासारखा पिवळा रंग. ज्या कोलाम बाईला त्यानं वेचताना टिपलं होतं, ती जवळच्याच गुड्यावरची. तिलाही त्यानं फोनवर ते दाखवलं. ती हसून म्हणाली, ‘‘हे दुपारचं आहे का रे? दुपारी कोण वेचतं?’’

भाच्याला वाईट वाटलं. म्हणाला, ‘‘मामा, शिकवणीत असंच सांगितलंय. पहिलं दृश्य जितकं उजळ, तितके लोक जास्त दाबतात आणि जास्त वेळ टिकतात. लाल-पिवळे रंग भरायचे. आकडेच तसे आहेत म्हणे.’’ शहरातल्या कुठल्याशा वर्गाची फी भरून तो हे शिकून आला होता.

आता ‘आकडेच तसे आहेत’ असं कोणी म्हटलं की भांडणाला जागा उरत नाही. मी म्हटलं, ‘‘आकडे कुणाचे? त्यांचे की तुझे? तुझे असतील तर काढ वही.’’ त्याचे तोवर ७२ व्हिडिओ झाले होते. त्या उन्हाळ्यात आम्ही मामा-भाचे रोज संध्याकाळी बसलो आणि प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीचा उजेड, त्यातले रंग आणि लोकांनी त्याचं काय केलं, हे एका लांब वहीत मांडलं. त्या वहीनं जे शिकवलं ते मी इथे सांगतो आहे, कारण आज घरोघरी कोणी ना कोणी व्हिडिओ टाकतं आणि प्रत्येकाला कोणीतरी हाच सल्ला देतं.

*

आधी दोन आकडे वेगळे करू. व्हिडिओचं छोटं चित्र लोकांच्या पडद्यावर जितक्या वेळा आलं, त्यातल्या किती जणांनी ते दाबलं, हा पहिला आकडा. यूट्यूब हे मोजताना चित्राचा निदान अर्धा भाग एका सेकंदाहून जास्त वेळ दिसला तरच ते ‘दाखवलं’ असं धरतं. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे निम्म्या वाहिन्यांचा आणि व्हिडिओंचा हा आकडा २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. दुसरा आकडा टिकण्याचा. दाबून आत आलेल्यांपैकी किती जण कितव्या सेकंदापर्यंत राहिले, याची एक उतरती रेघच यूट्यूब काढून देतं. सुरुवातीला ती जवळजवळ सगळ्यांचीच कड्यावरून पडल्यासारखी पडते.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना हे झाडीपट्टीच्या नाटकावरून चटकन समजेल. वडशाच्या नाटकमंडळीचं पोस्टर गावोगाव लागतं. ते पाहून माणूस तिकीट काढतो. पडदा उघडल्यावर पहिल्या प्रवेशात काय दिसतं, त्यावर तो जागा राहतो की घोंगडी ओढून घेतो हे ठरतं. पोस्टर वेगळं, पहिला प्रवेश वेगळा. पहिल्या प्रवेशातल्या दिव्यांमुळे तिकिटं जास्त खपली असं कोणी म्हणालं, तर आपण विचारू, ‘‘तिकीट काढणाऱ्याला ते दिवे दिसले कधी?’’

हाच प्रश्न मी भाच्याला विचारला. सुरुवातीचं दृश्य पाहून माणूस दाबतो म्हणतोस, पण दाबण्याआधी त्याला ते दिसतं का? दिसतं, पण दोनच वाटांनी. एक, छोटं चित्र त्याच दृश्यातून उचललेलं असेल तर. दुसरं, फोनवर यादी सरकवताना बोट थांबलं की व्हिडिओ आवाजाशिवाय आपोआप हलू लागतो, तेव्हा. बाकीच्या वेळी माणूस दाबतो ते पोस्टरकडे आणि मथळ्याकडे पाहून. म्हणून आम्ही वहीत दोन उजेड लिहायचं ठरवलं. छोट्या चित्राचा उजेड पहिल्या आकड्यासमोर आणि पहिल्या तीन सेकंदांचा उजेड दुसऱ्यासमोर. सल्ला देणारे हे दोन्ही एकात घालतात, आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

*

उजेड मोजायचा कसा? पडद्यावरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन अंक असतात, शून्यापासून २५५ पर्यंत. फोटो लहान करणाऱ्या कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये चित्र आक्रसत आक्रसत एकाच ठिपक्यावर आणलं, की त्या ठिपक्याचा रंग हीच साधारणपणे साऱ्या चित्राची सरासरी. भाच्यानं ffmpeg नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरला. तो प्रत्येक चौकटीचा सरासरी उजेड YAVG या नावाखाली छापतो. काम दोन संध्याकाळींत झालं. पण आकडे समोर आल्यावर माझ्यातला चित्रकलेचा मास्तर जागा झाला.

पहिली गोष्ट. उजेडाच्या या हिशेबात तिन्ही रंगांना सारखा मान नाही. आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ भासतो, म्हणून आजच्या व्हिडिओच्या मापात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ टक्के धरतात. म्हणजे निव्वळ लाल रंगाचा उजेड २५५ पैकी ५४ भरतो आणि निव्वळ हिरव्याचा १८२. मापाच्या दृष्टीनं लालभडक लुगडं हा अंधार झाला! आणि बाजारातल्या गर्दीत नजर आधी जाते ती त्याच लुगड्यावर. उजेड आणि लक्ष वेधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वहीच्या पहिल्याच पानावर दिसलं.

दुसरी गोष्ट सरासरीची. अर्धा कागद काळा, अर्धा पांढरा. त्याची सरासरी आणि सबंध करड्या कागदाची सरासरी एकच. मोहाच्या काळ्या खोडामागे उजळलेलं आकाश आणि धुक्यातली एकसारखी करडी टेकडी यांचा आकडा जवळपास सारखा आला. डोळ्यांना मात्र एकात सगळं दिसत होतं, दुसऱ्यात काहीच नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. आमचे बहुतेक आकडे मधल्या एका पट्ट्यातच अडकलेले होते. पहाट असो, संध्याकाळ असो, पांढरं धुकं असो की घनदाट रान, फोननं सगळं मधोमध आणून ठेवलेलं. कॅमेऱ्याचं तंत्रच तसं आहे. तो समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं गृहीत धरून उजेड कमी-जास्त करतो. म्हणजे आम्ही ज्याला ‘सकाळचा उजेड’ म्हणून वहीत लिहीत होतो, तो खरं तर फोननं घेतलेला निर्णय होता. जे सर्वत्र जवळपास सारखंच आहे, त्यावरून फरक कसा सांगायचा?

रंगांचंही तेच झालं. पळसाच्या केशरी फुलांची आणि हिरव्या पानांची सरासरी काढली की चिखलासारखा तपकिरी येतो. माझ्या शाळेतल्या मुलांच्या रंगपाटीवर दरवर्षी व्हायचा तोच. म्हणून रंगांची सरासरी काढायची नसते. संगणकाकडून जवळजवळच्या रंगांचे पाच ढीग करून घ्यायचे आणि प्रत्येक ढीग चित्राचा किती भाग व्यापतो ते लिहायचं. पळसाचा ढीग लहान भरतो, पण चित्र असतं त्याचंच.

*

वही पूर्ण झाली तेव्हा भाचा हर्षानं ओरडला, ‘‘मामा, उलटंच आहे की! अंधारे व्हिडिओ जास्त दाबले गेलेत.’’ शिकवणीतल्या गुरूला खोटं पाडणारा आकडा मिळाल्यानं मलाही क्षणभर आनंद झाला. पण आनंद झाला की हिशेब पुन्हा तपासावा, ही माझी जुनी सवय.

इथे मी आमच्या वहीतले आकडे देत नाही. हिशेब सहज कळावा म्हणून गोल आकडे घेतो. समजा, दंडारीचा एक उजळ व्हिडिओ १०,००० वेळा लोकांसमोर आला. त्यातले ९,००० वेळा तो अनोळखी लोकांच्या पहिल्या पानावर झळकला आणि १,००० वेळा वाहिनी ओळखणाऱ्या किंवा तेच शोधत आलेल्या माणसांपुढे. अनोळखी लोक शंभरात ३ दाबतात, ओळखीचे शंभरात १०. म्हणजे २७० अधिक १००, एकूण ३७०. टक्केवारी झाली ३.७.

आता मोहाचा अंधारा व्हिडिओ. तो २,००० वेळाच दिसला. ५०० वेळा अनोळखींना आणि १,५०० वेळा ओळखीच्यांना. दाबण्याचं प्रमाण तंतोतंत तेच ठेवू. अनोळखींतले १५, ओळखीतले १५०, एकूण १६५. टक्केवारी आली सव्वाआठ. दुपटीहून जास्त! आणि तरी अनोळखींनी किंवा ओळखीच्यांनी अंधाराला काडीचंही जास्त पसंत केलेलं नाही. फरक आहे तो फक्त व्हिडिओ कुणापुढे गेला याचा. जो जास्त लोकांत पसरतो तो अनोळखींत जातो आणि त्याची टक्केवारी आपसूक उतरते. गावात वाढलेलं पान चाटूनपुसून खाल्लं जातं आणि हजाराच्या पंगतीत थोडं टाकलंही जातं. तेवढ्यावरून भाजीची चव ठरत नाही.

भाच्यानं मग दर व्हिडिओचे आकडे वाटेप्रमाणे वेगळे केले. पहिल्या पानावरून आलेले वेगळे, शोधून आलेले वेगळे, दुसऱ्या व्हिडिओच्या शेजारून आलेले वेगळे. यूट्यूब हे फोडून दाखवतं. पाहण्याचे कष्ट घ्यावे लागतात. वेगळं केल्यावर अंधाराचा तो विजय बहुतेक विरघळला.

उरला तो दिवाळीचा घोळ. आमच्याकडे दिवाळीत गोंड समाजाची दंडारी निघते. मोरपिसांचे भले मोठे टोप घातलेले गुसाडी नाचतात. त्या व्हिडिओंइतकं रंगीत दुसरं काहीच नसतं. ते खूप चालले. पण ते रंगांमुळे चालले, की सुट्टी होती म्हणून, की पुण्या-हैदराबादला कामाला गेलेल्या पोरांना घराची आठवण आली म्हणून? रंग, सण आणि सुट्टी एकाच दिवशी आले तर त्यातलं कोणतं कारण, हे वही सांगू शकत नाही. व्हिडिओ ७२ असोत की ७२ हजार, ही गाठ संख्येनं सुटत नाही. सण रंगीतच असतो आणि मोह पहाटेच वेचतात. विषयच आपला उजेड बरोबर घेऊन येतो.

शिवाय योगायोग असतोच. ५०० वेळा दाखवलेल्या व्हिडिओला ४ टक्क्यांच्या हिशेबानं २० जणांनी दाबायला हवं. पण निव्वळ नशिबानं ते ११ होऊ शकतात किंवा २९. म्हणजे सव्वादोन टक्क्यांपासून पावणेसहापर्यंत काहीही येऊ शकतं, आणि त्यात उजेडाचा काही संबंध नाही. १०,००० वेळा दाखवला तर हाच झोका ३.६ ते ४.४ मध्ये आवरतो. लहान वाहिनीवाल्यानं दोन व्हिडिओंची टक्केवारी शेजारी ठेवून रंगाचा निकाल लावणं म्हणजे दोन वेळा नाणं उडवून ते खोटं ठरवणं.

*

मग उजेडाला काहीच अर्थ नाही का? आहे. आणि तो आम्हाला दुसऱ्या आकड्यात, टिकण्याच्या रेघेत सापडला.

इथेही आधी एक पथ्य पाळावं लागलं. ‘व्हिडिओ सरासरी किती टक्के पाहिला’ हा आकडा छोट्या व्हिडिओचा नेहमीच मोठा येतो. दोन मिनिटांचं कोणीही पुरं पाहील. म्हणून आम्ही सगळ्यांची एकच जागा धरली. तिसाव्या सेकंदाला किती उरले? त्या जागी उजळ-अंधाऱ्याची रेघ ओढली, तर ठिपके कुठेही विखुरलेले. मग मी भाच्याला म्हटलं, ‘‘आकडे ठेव बाजूला. सर्वांत जास्त गळती झालेले दहा व्हिडिओ लाव, आणि ते घरात नको, अंगणात उन्हात उभा राहून बघ.’’

अंगणात गेल्यावर उलगडा झाला. आपण व्हिडिओ तयार करतो रात्री, खोलीत, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून. पाहणारा पाहतो एसटीच्या थांब्यावर, शेताच्या बांधावर, तडा गेलेल्या काचेच्या फोनवर. उन्हाचं प्रतिबिंब पडद्यावर पडलं की चित्रातल्या काळ्या भागातलं सगळं एकजीव होतं. त्या दहांतल्या बहुतेकांत सुरुवातीला माणूस उजळ आकाशापुढे उभा होता आणि चेहरा काळा ठिक्कर पडला होता. त्या चौकटींची सरासरी मात्र उत्तम होती, कारण आकाश पांढरं होतं! शिकवणीच्या मापानं ते ‘उजळ’ व्हिडिओ होते.

उलट, मोहाच्याच एका जुन्या व्हिडिओत सुरुवात गडद होती. चौकटीचा बहुतेक भाग काळा. पण बाईच्या शेजारी कोणीतरी विजेरी जमिनीवर तिरकी ठेवली होती. तिचे हात आणि फुलं तेवढी उजळलेली. सरासरी तळाची. लोक टिकले होते.

मी दावा करत नाही की विजेरीमुळेच टिकले. एका व्हिडिओवरून तसं म्हणणं म्हणजे मी वर ज्याला नावं ठेवली तेच करणं. पण यातून मोजायचं काय हे कळलं. सबंध चौकटीचा उजेड मोजू नये. जे दाखवायचं आहे त्याचा उजेड आणि त्याच्या मागच्या भागाचा उजेड, या दोहोंतलं अंतर मोजावं. चेहऱ्याभोवती एक चौकोन आखायचा, त्याची सरासरी घ्यायची, आणि बाजूच्या भागाची सरासरी त्यातून वजा करायची. चित्रकलेच्या पहिल्या वर्षी आपण छायाप्रकाश म्हणून शिकवतो तेच हे.

उजळवण्याच्या सल्ल्यात आणखी एक नुकसान लपलेलं असतं. अंधारात टिपलेलं दृश्य नंतर संगणकावर वर ओढलं की त्यातली कणी दिसू लागते, वाळू शिंपडल्यासारखी. यूट्यूब व्हिडिओ दाबून लहान करतं, तेव्हा त्याची सगळी शक्ती ती हलणारी वाळू जपण्यात खर्च होते आणि चेहरा चौकोनी ठोकळ्यांचा होतो. आमच्यासारख्या जेमतेम रेंजच्या भागात तर विचारूच नका. इलाज टिपतानाच करायचा असतो. फोनच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोन उजेडाचं माप त्या चेहऱ्यावर पक्कं करतात. आकाशाकडे पाठ करून उभं राहिलेल्या माणसाला अर्धं वळून उभं करावं. नाहीतर वीस मिनिटं थांबावं. पहाट स्वतःच उजेड घेऊन येते.

*

आता या दोन आकड्यांतलं भांडण पाहा. भडक, लाल-पिवळं चित्र लावलं आणि समजा हजारातल्या ८० जणांनी दाबलं. पण आत तसं काही नाही म्हणून तिसाव्या सेकंदाला त्यातले ३० टक्केच उरले. म्हणजे २४ माणसं. साधं, खरं चित्र लावलं, ५० जणांनी दाबलं आणि ६० टक्के उरले. म्हणजे ३० माणसं. पहिला आकडा एकटा पाहणारा भडक चित्राला नारळ-शाल देईल, आणि घरात माणसं कमी असतील. यूट्यूबनं २०२४ मध्ये सर्वत्र दिलेली एक सोय याच कारणानं मला शहाणपणाची वाटते. एकाच व्हिडिओला तीन छोटी चित्रं लावायची, ती आळीपाळीनं वेगवेगळ्या लोकांना दाखवली जातात, आणि निकाल लागतो तो कोणत्या चित्रामुळे लोकांनी जास्त वेळ पाहिलं यावर, किती जणांनी दाबलं यावर नाही. विषय तोच, दिवस तोच, बदलतं फक्त चित्र. वहीतल्या ७२ व्हिडिओंना जमलं नाही ते या एका कसोटीला जमतं. अर्थात लहान वाहिनीला निकाल यायला फार दिवस लागतात, आणि कित्येकदा ‘फरक नाही’ हाच निकाल येतो. तोही मान्य करायला शिकलं पाहिजे.

शिवाय रंग एकटा नसतो. छोटं चित्र यादीत इतर चित्रांच्या शेजारी उभं राहतं. सगळ्यांनी पिवळं लावलं की पिवळ्याची किंमत संपते. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२०च्या दशकात चित्रपटांची पोस्टरं रंगवली, तेव्हा भिंतीवर तसलं दुसरं काही नव्हतं. आज प्रत्येक भिंत पोस्टरांनी भरली आहे. काल चाललेला रंग मोजून उद्याचा ठरवणं यासाठीच फसवं.

थोडं बाहेरच्या जगाकडेही पाहू. जेम्स कटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १९३५ ते २०१० या काळातले १६० इंग्रजी चित्रपट चौकट-चौकट मोजले. त्यांना आढळलं, की चित्रपट वर्षानुवर्षं अधिकाधिक गडद होत गेले आहेत. मग अंधार लोकांना हाकलतो हे खरं कसं? थिएटरमध्ये अंधार असतो, म्हणून पडद्यावरचा अंधार चालतो, त्यातून नजर हवी तिथे नेता येते. तोच चित्रपट दुपारी बसमध्ये फोनवर पाहिला तर काही दिसत नाही. उजेड किती हवा, हे आधी पाहणाऱ्याच्या बसण्याच्या जागेवर ठरतं. हे ज्याला कळलं त्याला सूत्र विकत घ्यावं लागत नाही.

*

माझी खरी तक्रार आकड्यांविरुद्ध नाही. आकड्यांनीच आम्हाला काळे पडलेले चेहरे दाखवले. तक्रार आहे ती अर्धवट आकड्यावरून दिलेल्या हुकमाविरुद्ध. ‘उजळ करा’ हा हुकूम एका गावात पाळला तर एक व्हिडिओ बिघडतो. सगळ्यांनी पाळला, तर उद्या आमच्या नातवंडांना पहाट कशी होती हे पाहायला मिळणार नाही. मोहाचं रान, त्यातला काळोख आणि त्यात वाकलेली बाई यांची नोंद ठेवणारे आज हेच फोन आहेत. दुसरं कोणी इथे कॅमेरा घेऊन येत नाही. काळोख्या रानाला आणि सावळ्या चेहऱ्याला ‘कमी उजेडाचं’ म्हणून नापास करणारं माप हे मापच चुकीचं, असं मी म्हणतो. चेहरा दिसलाच पाहिजे, यावर तडजोड नको. पण तो दिसण्यासाठी पहाटेची दुपार करावी लागत नाही.

यंदा भाच्यानं मोह पुन्हा टिपला. त्याच बाईला विचारून, त्याच झाडाखाली. फोन तिच्या चेहऱ्यावर पक्का केला, विजेरी टोपलीच्या आड तिरकी ठेवली आणि बाकी सगळं काळं राहू दिलं. पहिल्या तीन सेकंदांची सरासरी आमच्या वहीत सर्वांत खालच्या ओळींत बसली. आम्ही दोघांनी तो अंगणात, भर उन्हात उभं राहून पाहिला. हात दिसत होते, फुलं दिसत होती.

मग त्यानं तो बाईला दाखवला. तिनं फोन डोळ्यांजवळ धरला, शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, ‘‘हां, आता आमचा मोह दिसतो.’’

किती जणांनी तो दाबला ते यूट्यूब सांगेलच. वहीत त्यासाठी एक रकाना मोकळा ठेवला आहे. पण निदान महिनाभर तो भरायचा नाही, असं आम्ही मामा-भाच्यांनी ठरवलं आहे.